40 पाइल, सगळ्या बरोब्बर 12 मीटर: शोअरिंगमध्ये आमची फसवणूक

आमची सोसायटी ठाणे पूर्वेला, खाडीच्या बाजूची. स्वयंपुनर्विकास घेतलाय आणि मी कमिटीवर आहे. एक बेसमेंट आहे, खड्डा साधारण 5 मीटर. त्याला लागून 3 मीटरवर शेजारची जुनी दोन मजली बिल्डिंग, लोड बेअरिंग म्हणजे भिंतींवर उभी, पाया उथळ. म्हणून त्या बाजूची माती खचू नये यासाठी 30 मीटर लांबीत 600 एमएमच्या 40 शोअर पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, टाकायचं ठरलं. माती तपासायला घेतलेल्या बोअरमध्ये वर भराव, मग वाळूमिश्रित थर, त्याखाली खाडीची काळी मऊ माती आणि साडेदहा मीटरच्या आसपास खडक लागला होता, त्यामुळे डिझाइन 12 मीटरचं, म्हणजे पाइलचा पाय दीड मीटर खडकात रुतलेला. पाइल उभी राहते ती मुख्यतः त्या पायावर, वरची मऊ माती तिला फारसं धरत नाही.

कॉन्ट्रॅक्टरने काम रात्री केलं, दिवसा ट्रकला बंदी असते म्हणाला. सकाळी जाऊन आम्ही रजिस्टर बघायचो, प्रत्येक ओळीत 12.00 मीटर, आणि आम्हाला बरंच वाटायचं. तिथेच आम्ही चुकलो, कारण जमिनीखालचा खडक फरशीसारखा सपाट नसतो, एका पाइलला 11.6 लागेल, दुसरीला 12.8. चाळीसच्या चाळीस सारख्या असतील तर ते आकडे मोजलेले नाहीत, बसून लिहिलेले आहेत. शेवटच्या पाइलनंतर त्याने घाईघाईत सगळ्या पाइलची डोकी जोडणारा कॅपिंग बीमही ओतून घेतला. हातोडीने ठोकून पाइलची लांबी बघायची इंटिग्रिटी टेस्ट असते ना, ती पाइलचं डोकं मोकळं असतानाच नीट होते, बीम झाल्यावर तिचा भरवसा राहत नाही. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

खड्डा 4 मीटरवर गेला आणि शेजारच्या काकू आल्या, "अहो, बेडरूमचा दरवाजा कालपासून लागत नाहीये, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलीय बघा." मी धावत गेलो, तर प्लिंथची फरशी भिंतीपासून बोटभर सुटलेली. खाली खड्ड्यात दोन पंप रात्रंदिवस चालू होते आणि गटारात जाणारं पाणी चहासारखं गढूळ. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पावसाळ्याचं पाणी असंच असतं साहेब. बाटलीत भरून ठेवलं तर तासाभरात तळाला दोन बोटं बारीक वाळू बसली. दोन पाइलच्या मध्ये 150 एमएमची फट ठेवलेली होती, तिच्यातून पाण्याबरोबर शेजाऱ्यांच्या पायाखालची वाळू आमच्या खड्ड्यात येत होती आणि पंप ती बाहेर फेकत होता. फट मागून ग्राउटिंगने, म्हणजे सिमेंटचा घोळ भरून, बंद करायचं बिलात होतं, केलं नव्हतं. पाणी उपसायला खडी आणि जिओटेक्स्टाइलचं गाळणीसारखं कापड गुंडाळलेल्या भोकांच्या पाइपची विहीर करायची असते, म्हणजे पाणी येतं पण माती मागे राहते. इथे पंप सरळ चिखलात सोडलेले.

आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमनी संध्याकाळी आल्या आल्या पंप बंद करायला लावले, खड्ड्यात पाणी चढलं तर चढू दे म्हणाल्या, आणि रात्रीतून पाइलच्या पायथ्याशी मुरुमाचा तिरका ढीग लावून घेतला. शेजाऱ्यांच्या चिरांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, हलली तर पट्टी तडकते. मग त्यांनी काँक्रीटच्या गाड्यांची चलनं मागितली. 600 एमएमच्या पाइलला मीटरला 0.28 घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे 12 मीटरला साधारण 3.4, चाळीस पाइलना 136, आणि बोअरच्या कडा ढासळतात म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच जातं. म्हणजे 6 घनमीटरच्या निदान 23 गाड्या हव्यात. चलनं निघाली 16, म्हणजे 96 घनमीटर. भागिले चाळीस, एका पाइलला 2.4 घनमीटर, मीटरला 0.28 धरलं तर लांबी फार तर साडेआठ मीटर. खडक सोडाच, आमच्या पाइलचे पाय मऊ मातीत लटकत होते आणि बिल आम्ही 12 मीटरचं भरलं होतं, चलनं तर आमच्याच फाइलमध्ये पडून होती!

वडाळ्याला जून 2018 मध्ये खोदकामाशेजारची जमीन खचून सोसायटीच्या गाड्या खड्ड्यात गेल्या होत्या, ते फोटो मला त्या रात्री सारखे आठवत होते. इथे वर माणसं झोपलेली होती.

आता तुमच्याकडे पाइलिंग चालू असेल तर रात्री तुमचा माणूस तिथे उभा करा, बोअरमध्ये टोकाला वजन लावलेली टेप सोडून खोली स्वतः मोजा, खडकाचे तुकडे प्रत्येक पाइलच्या नंबरची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा आणि गाड्यांची चलनं रोजच्या रोज पाइलशी जुळवा. टेस्ट झाल्याशिवाय कॅपिंग बीम ओतू देऊ नका. शेजाऱ्यांच्या भिंतींचे फोटो खोदकामाआधी त्यांच्यासमोर काढा, आमच्याकडे ते नव्हते म्हणून जुनी चीर कुठली आणि नवी कुठली यावरच पंधरा दिवस गेले.

कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातले 5 टक्के आम्ही अडवलेत, तेवढ्यात ग्राउटिंगचाही खर्च निघत नाही. आतून तिरके लोखंडी टेकू लावून काम पुढे सरकतंय, गेल्या सहा आठवड्यांत एकही काच तडकली नाही. काकूंचा दरवाजा सुताराने खालून तासून दिला, पण त्या अजून हॉलमध्येच झोपतात.