‘१२ पैकी १० टिप्स बरोबर’ आणि तरीही खात्यात तोटा

टेलिग्रामवर फी घेऊन शेअर बाजारातल्या खरेदी-विक्रीच्या टिप्स देणाऱ्या पेड सिग्नल ग्रुपमध्ये पैसे घालवलेल्या माणसाला बहुतेक वेळा कळतच नाही की आपण नेमके कुठे फसलो. टिप्स तर बरोबर येत होत्या, रोज ‘टार्गेट डन’चे मेसेज पडत होते. मग तो स्वतःलाच दोष देतो : आपल्यालाच वेळेवर एंट्री जमली नाही, आपणच घाबरून लवकर विकलं. ग्रुप चालवणाऱ्याला हेच हवं असतं, कारण असा माणूस तक्रार करत नाही, पुढच्या महिन्याची फी भरतो.

सुरुवात फुकट चॅनेलपासून होते. चालवणाऱ्याकडे अशी अनेक चॅनेल असतात. समजा १६ आहेत. पहिल्या दिवशी आठ चॅनेलवर निफ्टी वर जाणार असं सांगायचं, आठांवर खाली जाणार असं. ज्या आठांत चुकलं ती सोडून द्यायची किंवा तिथला मेसेज पुसून टाकायचा. उरलेल्या आठांत दुसऱ्या दिवशी पुन्हा चार-चार. चौथ्या दिवसअखेर एक चॅनेल असं उरतं, ज्याच्या सभासदांनी सलग चार दिवस अचूक अंदाज पाहिलेला असतो. त्यांच्या दृष्टीने हा माणूस खरोखरच जाणकार आहे. पेड ग्रुपची लिंक नेमकी त्याच संध्याकाळी येते. फीसाठी दिलेली मुदतही त्याच रात्रीपुरती असते, म्हणजे पडताळायला वेळ मिळू नये.

हे ओळखायचं असेल तर टिप दिसताक्षणी ती स्वतःच्या ‘सेव्हड मेसेजेस’मध्ये फॉरवर्ड करून ठेवावी. मूळ मेसेज ॲडमिनने पुसला किंवा बदलला तरी आपली प्रत तशीच राहते. महिनाभराने चॅनेलवरच्या टिप्स आणि आपल्याकडच्या टिप्स शेजारी ठेवून मोजाव्यात. चॅनेलने फॉरवर्ड करणं बंद ठेवलं असेल तर आधी तिथेच सावध व्हावं.

आता पेड ग्रुपचा हिशेब. इथे मेसेज पुसण्याचीही गरज पडत नाही, कारण टिपची रचनाच अशी असते की ती ‘बरोबर’ ठरावी. टिप येते : निफ्टी २४५०० सीई, १२० च्या वर खरेदी, टार्गेट १३०, १४५, १८०, स्टॉपलॉस १००. म्हणजे निफ्टीचा २४५०० या स्ट्राइकचा कॉल ऑप्शन १२० च्या वर घ्यायचा आणि भाव १०० पर्यंत पडला तर तोटा थांबवायला विकायचा. भाव १३० ला शिवला की ‘पहिलं टार्गेट डन’ म्हणून टिप यशस्वी धरली जाते. पुढे दिवसभरात कधीतरी क्षणभर १८० दिसला तर ‘६० पॉइंट’ लिहिले जातात, जणू प्रत्येकाने १२० ला घेऊन १८० ला विकलं.

सभासदाच्या खात्यात काय होतं ते पाहू. शेकडो लोक एकाच मिनिटाला तीच खरेदी करायला धावतात. मेसेज वाचून ऑर्डर टाकेपर्यंत त्याला भाव मिळतो १२६. पहिल्या टार्गेटला विकताना हातात येतात १२९. ऑप्शन ठरलेल्या संख्येच्या लॉटमध्येच घ्यावे लागतात. लॉटचा आकार वेळोवेळी बदलतो, इथे हिशेबासाठी ७५ धरू. तीन पॉइंटचे झाले २२५ रुपये. दोन्ही बाजूंचं ब्रोकरेज आणि कर मिळून ५५ रुपये वजा केले की उरतात १७०. टिप चुकली तर स्टॉपलॉस १०० वर लागत नाही, कारण तिथेही सगळे एकदम विकतात. मिळतात ९८. म्हणजे २८ पॉइंट, २,१०० रुपये, वर खर्च ५५. एक चुकलेली टिप बारा बरोबर टिप्सचा नफा खाऊन टाकते.

म्हणून १२ पैकी १० टिप्स खरोखर बरोबर आल्या तरी दहा वेळचे १,७०० मिळतात आणि दोन वेळचे ४,३१० जातात. २,६१० रुपयांचा तोटा, ग्रुपची फी वेगळी. ग्रुपने इथे एक आकडाही खोटा सांगितलेला नाही. ‘ॲक्युरसी ८३ टक्के’ ही जाहिरात अक्षरशः खरी असते. विचारायचा प्रश्न किती टिप्स बरोबर आल्या हा नाहीच. बरोबर आल्यावर सरासरी किती मिळतात आणि चुकल्यावर किती जातात, हे विचारा. त्याचं उत्तर असे ग्रुप कधीच देत नाहीत.

काही ग्रुप फीसुद्धा घेत नाहीत, फक्त ‘आमच्या लिंकवरून डीमॅट उघडा’ म्हणतात. तिथे त्यांचं उत्पन्न तुमच्या ब्रोकरेजमधल्या वाट्यातून येतं. तुम्ही जिंका किंवा हरा, सौदे जास्त झाले पाहिजेत. दिवसाला आठ-दहा टिप्स येतात त्या यासाठी.

तोटा वाढला की पुढचं आमिष येतं आणि खरं मोठं नुकसान इथेच होतं : ‘लॉगिन द्या, आम्ही रिकव्हर करून देतो, महिन्याला १५ टक्के गॅरंटी, नफ्यात निम्मा वाटा’. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के जणांना तीन आर्थिक वर्षांत मिळून तोटाच झाला होता. त्या बाजारात कुणीही परताव्याची हमी देऊ शकत नाही.

पासवर्ड आणि ओटीपी हातात आले की पैसे चोरायला बँकेत जावं लागत नाही. एखाद्या शेअरचा दूरच्या स्ट्राइकचा, कुणी हात न लावणारा ऑप्शन निवडतात. समजा त्याची किंमत २ रुपये आहे. त्यांचं दुसरं खातं तो ४० ला विक्रीला ठेवतं, तुमच्या खात्यातून तो ४० ला घेतला जातो आणि काही मिनिटांनी त्याच खात्याला २ ला परत विकला जातो. लॉट ५०० चा असेल तर एका फेरीत १९,००० रुपये सरळ तिकडे गेले. तुम्हाला सांगितलं जातं, ‘मार्केट उलटं गेलं’. ब्रोकरकडून येणारी दिवसभराच्या सौद्यांची काँट्रॅक्ट नोट उघडा : कधी न ऐकलेला स्ट्राइक, खरेदी-विक्रीत मिनिटांचं अंतर आणि भावात प्रचंड तफावत दिसली तर तो बाजारातला तोटा नाही. लगेच पासवर्ड बदला, ब्रोकरकडून ऑर्डर लॉग आणि लॉगिनचा आयपी तपशील लेखी मागा, आणि स्टॉक एक्स्चेंजकडेही तक्रार करा.

सल्ला विकण्यासाठी सेबीची नोंदणी लागते. रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक INH ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा INA ने. पण ग्रुपवर टाकलेल्या प्रमाणपत्राचा फोटो पुरावा नव्हे, दुसऱ्याचा खरा क्रमांक चोरून लावणं सर्रास चालतं. सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो क्रमांक शोधा आणि तिथे दिलेल्या ईमेलवर किंवा फोनवर विचारा की हा ग्रुप तुमचाच का. फी व्यक्तीच्या नावावरच्या साध्या यूपीआयवर मागितली तर थांबा. नोंदणीकृत संस्थांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून @valid असलेले वेगळे यूपीआय आयडी सुरू झाले आहेत. ‘फक्त शिक्षणासाठी’ या ओळीलाही भुलू नका. सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने निव्वळ शिक्षण देणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायला मनाई केली, मग आजचा स्ट्राइक आणि आजचा स्टॉपलॉस शिक्षणात कसा बसेल?

पैसे गेलेच असतील तर रागाने ग्रुप सोडू नका. आधी चॅट एक्स्पोर्ट करा, कारण त्यांनी तुम्हाला काढून टाकल्यावर काहीच हाती उरत नाही. मग १९३० वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार, प्रत्येक व्यवहाराच्या यूटीआर क्रमांकासह. हे काही तासांत झालं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता राहते. सेबीचं स्कोअर्स पोर्टल नोंदणीकृत संस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, बिगरनोंदणीच्या ग्रुपसाठी तिथे वेळ घालवू नका. आणि त्यानंतर ‘तुमची रक्कम सोडवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन आला तर तो नंबरही त्याच तक्रारीत जोडा.