टायफॉइडची लस आधी की काविळीची?

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

चिऊला आठ महिने पुरे झाले. उपकेंद्रातल्या मोफत लसी वेळेवर झाल्या, रोटा आणि न्यूमोकोकलसुद्धा. आता विकतच्या दोन लसी मनात आहेत: टायफॉइड कॉन्जुगेट आणि हिपॅटायटिस ए. दोन्ही आजार दूषित पाण्यातून येतात. इथे देवगडला आमची विहीर शौचखड्ड्यापासून जेमतेम वीस पावलांवर आहे. पावसात पाणी इतकं गढूळ होतं की कळशीचा तळ दिसत नाही.

मला वाटतं, टायफॉइड आधी. ही लस सहा महिन्यांनंतर चालते, डोस एकच, आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाबरोबर देता येते. टायफॉइडच्या जंतूंवर बरीच जुनी औषधं आता लागू पडत नाहीत, ही धास्ती मोठी. शेजारचा मुलगा दहा दिवस सलाइनवर होता.

हिपॅटायटिस ए तान्ह्यांत बहुधा सौम्य असतो, कित्येकदा डोळेही पिवळे होत नाहीत. मोठेपणी झाला तर जास्त त्रास देतो. ती लस वर्षानंतरच देतात: जिवंत असेल तर एक डोस, मृत असेल तर दोन. तोवर पैसेही जमतील.

पाणी उकळूनच देतो, कारण लस घेतली तरी धोका पुरता टळत नाही. काविळीची लस अंगणवाडीत जाण्याआधी दिली तर उशीर होईल का, एवढं कळवा.