बेकरीच्या मेन्यूसाठी घेतलेला सॉफ्टबॉक्स दिवा: ब्रेडच्या जाळीला पास, क्रस्टच्या रंगाला काठावर

अडॅप्टर गेला आणि सर्व्हिसवाल्यांशी आठवडाभर वाद झाला, म्हणून हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या किमतीतले निम्मे दिवे एकाच घडणीचे आणि वेगवेगळ्या स्टिकरचे आहेत. मी म्हणतोय तो चौकोनी एलईडी पॅनल, पुढे उजेड मऊ करणारा साधारण दोन फुटांचा कापडी सॉफ्टबॉक्स, स्टँड आणि गोल पिनचा अडॅप्टर. खोक्यावर ‘सीआरआय ९५+’ मोठ्या अक्षरात, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा.

वहिनीची नाशिकला छोटी बेकरी आहे. मेन्यू नव्याने छापायचा होता आणि फोटोग्राफरचा आकडा ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. त्या पैशांच्या चौथाईत दिवा आला. मेन्यूवरचा मुख्य फोटो मिल्क ब्रेडचा: अख्खा लोफ, पुढे कापलेल्या तीन स्लाइस, मऊ उजेड. केक, खारी, नानकटाई यांचे फोटो कुणीही काढेल. कापलेल्या ब्रेडचा फोटो मात्र अवघड, कारण एकाच चौकटीत पांढरी जाळी आणि गडद तपकिरी क्रस्ट दोन्ही नीट दिसायला लागतात, आणि दोघांना लागणारा उजेड वेगळा.

सुरुवातीला मी दिव्यावर बेहद्द खूश होतो. सावल्या गुळगुळीत, मागची भिंत स्वच्छ, पाच स्टार द्यायच्या तयारीत होतो. मग वहिनीने फोनवर फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “भाऊजी, हा ब्रेड आहे की थर्माकोल?” खरंच होतं. मिल्क ब्रेडची जाळी बारीक आणि एकसारखी असते. तिच्या छिद्रांची खोली कळते ती त्यांच्या आतल्या सावल्यांवरून, आणि समोरून येणारा मोठा मऊ उजेड नेमक्या त्याच सावल्या भरून टाकतो. दुकानातून गिऱ्हाईक बोटाने दाबून घेतं तो ब्रेड फोटोत पांढरा ठोकळा दिसायला लागतो.

उपाय दिव्याच्या जागेत आहे. दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला न ठेवता लोफच्या डावीकडे आणि किंचित मागे, लोफच्या उंचीपेक्षा थोडाच वर ठेवायचा. मग कापलेली बाजू अंधारात जाते, म्हणून लोफच जरासा दिव्याकडे वळवायचा, इतकाच की उजेड कापलेल्या पृष्ठभागाला घासून जाईल. त्या एका वळवण्याने जाळी उठून येते. वळवणं जास्त झालं की पुन्हा थर्माकोल, कमी झालं की राखाडी भिंत. मधली जागा डोळ्यांनी शोधावी लागते, आणि ती फोनच्या स्क्रीनवर बघत शोधलेली बरी.

तरीही आमच्या ब्रेडला सॉफ्टबॉक्स रुंदच पडत होता. उजेडाचा मऊपणा दिव्याच्या आकारावर आणि अंतरावर ठरतो. वस्तूच्या मानाने दिवा जितका मोठा आणि जवळ, तितकी सावलीची कड विरघळते. एवढ्याशा लोफजवळ दोन फुटांचा दिवा म्हणजे पावसाळी आभाळच. म्हणून सॉफ्टबॉक्सच्या कापडावर दोन्ही बाजूंनी काळा कार्डशीट कागद लावला आणि मध्ये वीतभर रुंदीची उभी पट्टी उघडी ठेवली. उजवीकडे लोफला चिकटून आणखी एक काळा कागद उभा केला, म्हणजे तिथून परतणारा उजेड थांबतो आणि छिद्रं खोल दिसतात. खर्च स्टेशनरीच्या दुकानात चाळीस रुपये. दिव्याबरोबर अशी झडप देत नाहीत, ती वेगळी विकतात, आणि तिची किंमत बघून मला रागच आला. एक सावधगिरी: कागद कापडावरच लावा, दिव्याच्या मागच्या हवेच्या फटी झाकू नका.

हा घासून जाणारा उजेड काहीही लपवत नाही. तळाशी दाट पट्टा असेल, रोल घट्ट न वळल्याने आत बोगदा पडला असेल, घडीची रेघ राहिली असेल, सगळं दिसतं. वहिनी आता कधीकधी नवी रेसिपी तपासायला हा दिवा लावते. खोक्यावर लिहिलेला नसलेला हा एकमेव उपयोग.

कापण्याबद्दल दोन गोष्टी, कारण इथे दिव्याला दोष देणारे बरेच असतील. लोफ पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो, सुरी जाळी सारवत जाते आणि कापलेली बाजू चिकट, चपटी दिसते. दातेरी सुरी दाब न देता करवतीसारखी चालवायची. आणि दुकानातल्या मशीनची स्लाइस फोटोसाठी पातळ पडते, ती वाकते. दीड ते दोन सेंटिमीटर जाडीची हाताने कापा, तीही लोफच्या मधून. सगळी मांडणी आणि उजेड जुन्या स्लाइसवर लावून घ्या, ताजी स्लाइस अगदी शेवटी. कापलेली बाजू पंख्याखाली लवकर सुकते आणि कडा वर वळतात.

आता क्रस्ट. माझं मुख्य भांडण इथे आहे.

मिल्क ब्रेडमध्ये दूध आणि साखर असल्याने क्रस्ट लवकर रंग धरते. चांगल्या भाजलेल्या लोफचा माथा तांबूस तपकिरी असतो, त्यात लाल छटा भरपूर असते. या दिव्याखाली ती लाल छटा जाते. क्रस्ट खाकी दिसते, जरा मातकट. मी पांढरा कागद समोर ठेवून व्हाइट बॅलन्स लावून पाहिला, म्हणजे या उजेडात पांढरं कशाला म्हणायचं ते फोनला सांगितलं, स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट बंद केली (ही नक्की बंद करा, दोन जातींचे उजेड मिसळले की एका बाजूची क्रस्ट हिरवट होते), एक्स्पोजर खाली ओढलं. पांढरी जाळी अगदी पांढरी आली, क्रस्ट काही जागी आली नाही.

मग अडॅप्टर गेला. छपाईवाला मागे लागलेला, त्यामुळे उरलेले फोटो खिडकीशी काढले. उत्तरेची खिडकी, त्यावर जुनं पांढरं मलमलचं धोतर ताणून लावलेलं. तोच लोफ, तोच फोन, तोच कागद ठेवून लावलेला व्हाइट बॅलन्स. आणि क्रस्ट तांबूस! दोन फोटो शेजारी ठेवल्यावर वहिनी म्हणाली, “हा आपला ब्रेड. तो दुसरा कालचा वाटतो.”

कारण शोधलं तर असं आहे. सीआरआयचा जो आकडा खोक्यावर छापतात तो आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असते. गडद लाल, ज्याला आर९ म्हणतात, त्या सरासरीत धरतच नाहीत. पांढरे एलईडी बहुतेक निळ्या दिव्यावर पिवळसर लेप देऊन बनवतात आणि स्वस्तातल्या लेपात गडद लाल कमी पडतो. म्हणजे ९५ चा आकडा खरा असूनही ब्रेडची क्रस्ट, गाजराचा हलवा, भाजलेला मसाला यांना दिवा न्याय देईल असं नाही. आमच्या खोक्यावर, माहितीपत्रकात कुठेही आर९ नाही. कंपनीला विचारलं तर ‘सर, सीआरआय ९५ प्लस आहे’ हेच उत्तर तीनदा आलं.

दुकानात तपासायचं असेल तर चमचाभर काश्मिरी मिरची पूड पुडीत बांधून न्या. ती दिव्याखाली आणि दाराबाहेरच्या सावलीतल्या उजेडात पाहा, पांढऱ्या कागदावर. दिव्याखाली पूड विटकरी पडली तर क्रस्टचंही तेच होणार.

याचा अर्थ दिवा टाकून द्यावा असा नाही, आणि इथे माझं मत पुन्हा थोडं वळलं. खिडकीचा उजेड फुकट आहे, पण तो थांबत नाही. पहाटेच्या घाण्यातला ब्रेड गार होऊन कापण्याजोगा होईपर्यंत दहा-अकरा वाजतात. पावसाळ्यात त्याच वेळी आभाळ भरून येतं आणि दोन फोटोंमध्ये रंग निळसर होतो. मेन्यूवर बारा पदार्थ एका ओळीत लावायचे तर सगळ्यांचा उजेड सारखा हवा, आणि तो सारखेपणा दिवाच देतो. सध्या आम्ही खारी, बिस्किटं, क्रीम रोल दिव्याखाली काढतो आणि तपकिरी भाजणीचं जे काही आहे ते खिडकीशी.

चकाकीचाही प्रश्न आहे. भट्टीतून काढल्यावर लोफला लोणी लावतात, त्यात रुंद सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब पडून माथ्यावर पांढरा डाग येतो आणि त्याखालचा रंग झाकला जातो. वर सांगितलेली काळ्या कागदांमधली उभी पट्टी इथेही कामाला येते, डागाऐवजी खांद्यावरून एक बारीक चकाकती रेघ जाते. लोणी मुरल्यावर फोटो काढला तर आणखी बरं.

उजेड कमी करायच्या बटणाबद्दल: अगदी खाली आणला की फोनच्या फोटोत काळे आडवे पट्टे येतात. उजेड कमी करायचा म्हणजे हा दिवा खरं तर भरभर बंद-चालू होतो आणि फोन ते पकडतो. आमच्याकडे तीन चतुर्थांशाच्या वर ठेवला की पट्टे जातात. उजेड जास्त वाटला तर कापडाचा आणखी एक थर द्या.

आणि तो अडॅप्टर. दिव्याची वॉरंटी वर्षाची, पण अडॅप्टर ‘ॲक्सेसरी’ म्हणून तीन महिन्यांचा, हे बारीक अक्षरात. तरी पूर्ण सेट स्वखर्चाने पाठवा म्हणाले, तपासून सांगू. स्टँडसकट कुरिअरचा खर्च नव्या अडॅप्टरपेक्षा जास्त होत होता. शेवटी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून घेतला. घेताना व्होल्ट जुन्याइतकेच, अँपिअर तितके किंवा जास्त, आणि पिनच्या आत-बाहेरच्या अधिक-उणे खुणा तशाच, एवढं जुळवा. जुन्याची वायर पिनच्या मुळाशी तुटली होती. स्टँडवर दिवा वर चढवला की वायर तिथेच लोंबते, म्हणून आता ती स्टँडला चिकटपट्टीने बांधून ठेवली आहे.

तीन स्टार. दोन दिव्याला, एक वहिनीच्या ब्रेडला. घेणार असाल तर विक्रेत्याला आर९ चा आकडा लेखी विचारा, ९० च्या आसपास असेल तर हजार-दीड हजार जास्त द्यायला हरकत नाही. आकडाच सांगत नसेल, तर आधी घरातल्या उत्तरेच्या खिडकीवर पांढरं कापड लावून एक लोफ काढून बघा आणि मग ठरवा.