व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचे भाव बघणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

जळगावात आमचं फोटो आणि डिझाइनचं छोटं दुकान आहे. सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं आणि घरच्यांची थायलंडची सहल असे दोन खर्च एकदमच समोर आले, तेव्हा पैसे भरून व्हीपीएन घेतलं, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेट वापरतोय असं वेबसाइटला भासवणारी सेवा. "काय भो, वाचले का पैसे?" हे तेव्हापासून मित्र विचारतात. उत्तर एका शब्दात देता येत नाही.

आधी सॉफ्टवेअर. 'तुर्कस्तान लाव, अर्जेंटिना लाव' हा सल्ला मुळात अमेरिका-युरोपातल्या गिऱ्हाइकांसाठी आहे. आपण भारतात बसलोय, आणि बऱ्याच कंपन्यांच्या हिशोबात भारत हाच स्वस्त देश असतो. मी जे फोटो एडिटिंगचं पॅकेज वापरतो त्याचा भाव जर्मनी आणि अमेरिकेच्या सर्व्हरवरून चढाच दिसला. शिवाय तो सल्लाही जुना झालाय. कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या स्टीमने नोव्हेंबर 2023 मध्ये अर्जेंटिना आणि तुर्कस्तानची दुकानं स्थानिक चलनातून डॉलरवर नेली आणि तिथली मोठी तफावत तेव्हाच आटली.

भाव दिसतो म्हणून तो आपल्याला लागू होतो असं नाही. अजिंठ्याच्या तिकीट खिडकीवर भारतीयाला 40 रुपये आणि परदेशी पाहुण्याला 600 रुपये असा फलक आहे. तो वाचायला कुणालाही मोकळीक आहे, पण तिकीट कोणतं मिळणार हे तुम्ही कुठले यावर ठरतं. वेबसाइटवर ही तपासणी पैसे भरण्याच्या पानावर होते. तिथे आयपी पत्त्यापेक्षा कार्ड कोणत्या देशाच्या बँकेचं आहे आणि बिलाचा पत्ता कुठला, याला जास्त वजन असतं. माझं कार्ड जळगावच्या शाखेचं, त्यामुळे काही ठिकाणी ते टाकताच भाव रुपयांत आला, काही ठिकाणी कार्डच नाकारलं गेलं.

विमानाच्या तिकिटात गंमत वेगळी आहे. मुंबई-बँकॉकचं भाडं प्रवास सुरू होतो त्या देशाच्या हिशोबाने, म्हणजे रुपयांत, ठरलेलं असतं. परदेशी साइट तेच भाडं आपल्या चलनात फिरवून दाखवते, म्हणून इथे हाती फारसं लागलं नाही. पण बँकॉक ते चिआंग माय या तिथल्या अंतर्गत प्रवासाला फरक दिसला. चौघांचं तिकीट भारतातून 11,900 रुपये, आणि थायलंडच्या सर्व्हरवरून बात या थाई चलनात आलेला आकडा रुपयांत मोडला तर 11,400. पाचशे वाचले म्हणून खूश व्हायच्या आत कार्डाचं दरपत्रक काढलं. परकीय चलनावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे 399 रुपये, आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 72. एकूण 11,871. वाचले 29 रुपये, त्यात व्हीपीएनचं भाडं धरलेलंच नाही. मार्कअप नसलेलं कार्ड असतं तर हिशोब बदलला असता.

फरक खरा आहे का, हे कळायलाही थोडी शिस्त लागते. विमानाच्या स्वस्त वर्गातल्या जागा संपल्या की भाडं आपोआप चढतं, आणि आपल्याला वाटतं देश बदलल्यामुळे चढलं. म्हणून मी आधी व्हीपीएनशिवाय बघतो, मग व्हीपीएन लावून, आणि लगेच पुन्हा व्हीपीएनशिवाय. पहिला आणि तिसरा आकडा जुळला तरच मधल्याला अर्थ. प्रत्येक वेळी नवी खासगी विंडो, आणि अ‍ॅप नाही तर ब्राउझर, कारण लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर अ‍ॅपला तुम्ही जळगावात आहात हे जीपीएसवरून कळतंच.

आता नियम. भारतात व्हीपीएनवर सरसकट बंदी नाही, प्रश्न कंपनीशी केलेल्या कराराचा आहे. स्टीमच्या करारात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्या प्रदेशाचा भाव मिळवायला ठिकाण लपवलं तर खातं बंद होऊ शकतं. म्हणजे एका गेमवर शे-दोनशे वाचवायला वर्षानुवर्षांची सगळी खरेदी पणाला. यूट्यूबने 2024 मध्ये दुसऱ्या देशातून घेतलेली प्रीमियम सदस्यत्वं रद्द करायला सुरुवात केली. भुसावळच्या एका मित्राने दुसऱ्या देशाचं गिफ्ट कार्ड वापरून कुठलंसं सदस्यत्व घेतलं होतं. ते मध्येच बंद पडलं, आणि दाद मागायची तर आधी आपण तिथले रहिवासी आहोत हे दाखवायला हवं होतं. हॉटेलांचंही तसंच. काही ठिकाणचा स्वस्त दर 'रहिवाशांसाठी' असतो, ती ओळ अटींत खाली असते, आणि चेक-इनला तिथलं ओळखपत्र मागून फरक वसूल करतात.

पुढच्या वेळी वर्षभराचं व्हीपीएन घेणार नाही, महिन्याचं घेऊन सहलीच्या आधी तेवढं वापरेन. तेही लॉगिन न करता, नुसते भाव बघायला. दुकानाच्या खात्यात गिऱ्हाइकांच्या लग्नांचे फोटो आहेत, त्या खात्यावर व्हीपीएन लावून मी जातच नाही.