वरचा दिवा की खालचं ब्लँकेट? पूर्ण दिवसांच्या बाळाच्या कावीळीसाठी फोटोथेरपी निवडताना

बिलिरुबिनचा, म्हणजे कावीळ आणणाऱ्या रक्तातल्या पिवळ्या द्रव्याचा, रिपोर्ट मर्यादेच्या वर आला की फोटोथेरपी, म्हणजे प्रकाशाचा उपचार, द्यायचा ठरतो आणि प्रश्न उरतो तो साधनाचा. वरून प्रकाश टाकणारा एलईडी दिवा लावायचा, की बाळाच्या पाठीखाली फायबरऑप्टिक ब्लँकेट ठेवायचं? ब्लँकेट आईला बरं वाटतं, कारण बाळ कुशीत राहतं आणि डोळ्यांवर पट्टी लागत नाही. दिवा बघायला भीतिदायक असतो. पण पूर्ण दिवसांच्या बाळाला एकच साधन द्यायचं असेल तर आमचं मत दिव्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण प्रकाश नेमकं काय करतो यात आहे.

बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृताने त्याला दुसऱ्या रेणूची जोड दिली तरच ते पित्तातून बाहेर पडतं आणि नवजात बाळाच्या यकृताला हे काम अजून झेपत नाही. साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेवर पडला की तिथल्या बिलिरुबिनच्या रेणूची ठेवणच बदलते. एक रूप चटकन तयार होतं, पण ते पुन्हा मूळ रूपात येऊ शकतं. दुसरं, ल्युमिरुबिन, हळू बनतं पण मागे फिरत नाही. ते यकृताच्या जोडणीशिवाय पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. यात उष्णतेचा काही वाटा नाही, अतिनील किरणांचाही नाही. परिणाम ठरतो मुख्यतः दोन गोष्टींवर: त्वचेवर प्रकाश किती तीव्र पडतो आणि किती त्वचेवर पडतो.

दुसऱ्या बाबतीत ब्लँकेट मागे पडतं. त्याचा पॅड लहान असतो. पाठीचा भाग उजळतो, बाकीचं अंग अंधारात राहतं. 37 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या छोट्या बाळाच्या अंगाचा त्यातल्या त्यात मोठा हिस्सा पॅडवर येतो, म्हणून तिथे ब्लँकेट वरच्या दिव्याइतकं काम करू शकतं. तीन किलोच्या बाळाला एकटं ब्लँकेट कमी पडतं.

तीव्रतेच्या बाबतीत मात्र दिवाही फसवतो. जोमदार फोटोथेरपीसाठी त्वचेवर किमान 30 µW/cm²/nm हवेत, आणि हा आकडा दिव्याच्या खोक्यावर नव्हे, बाळाच्या पोटाच्या उंचीवर मीटर धरून मोजायचा असतो. डोळ्यांना सगळेच निळे दिवे सारखे लख्ख दिसतात. मीटरही त्या दिव्याच्या जातीला जुळणारा हवा, नाहीतर आकडा चुकतो. जुन्या ट्यूब आणि सीएफएल वापराच्या तासांबरोबर मंदावतात आणि तरीही निळ्याच दिसत राहतात. एलईडी कितीतरी जास्त टिकतात.

एक नमुना घेऊ. 38 आठवड्यांचं बाळ, वय 72 तास, जन्मवजन 2.9 किलो, आता 2.65. म्हणजे जवळजवळ 9 टक्के घट, दूध कमी पडतंय हे उघड आहे. बिलिरुबिन 19.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. समजा, तक्त्यात या बाळाची फोटोथेरपीची मर्यादा 18 आहे. दिवा सुरू झाला. सहा तासांनी आकडा 18.6. घट झाली, पण इतक्या तासांत एवढीच अपेक्षित नव्हती. इथे घाईने रक्तपेशी फुटण्याचा आजार शोधायच्या आधी पाळण्याकडे बघावं. दिवा 55 सेंटिमीटरवर टांगलेला होता, पोटावर मीटर 14 दाखवत होता आणि लंगोट छातीपर्यंत ओढलेला होता. दिवा उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत 35 सेंटिमीटरवर आणला, मीटर 31 वर गेला. मोठा लंगोट काढून छोटा बांधला. पुढच्या सहा तासांत 16.4, विसाव्या तासाला 14.9. सुरुवातीच्या मर्यादेच्या किमान 2 खाली आकडा आला की दिवा बंद करता येतो, म्हणजे इथे 16 च्या खाली. अंतर आणि उघडी त्वचा सुधारूनही आकडा हलला नसता, किंवा चढत राहिला असता, तर मात्र रक्तपेशी फुटताहेत का हे शोधायला रक्तगट, कूम्ब्स चाचणी आणि जी-सिक्स-पीडी यांचा विचार लगेच करावा लागला असता.

हॅलोजनचा दिवा असा हवा तसा जवळ आणायचा नाही, त्याने भाजतं.

देखभालीतला सगळ्यात मोठा फरक डोळ्यांचा आहे. दिव्याखाली पट्टी हवीच. बांधण्याआधी पापण्या मिटल्या आहेत ना ते बघा, कारण उघड्या डोळ्यावर कापड घासलं तर बुबुळाला ओरखडा जातो. पट्टी सैल झाली की घसरून नाकावर येते, आणि पाठीवर झोपलेलं बाळ ती स्वतः दूर करू शकत नाही. म्हणून पाळण्यापाशी गेलं की नजर आधी नाकपुड्यांवर जावी. प्रत्येक दुधाच्या वेळी पट्टी काढा, डोळ्यांत चिकटा आहे का बघा, आणि बाळाला आईचा चेहरा दिसू द्या. नुसत्या ब्लँकेटवर बाळ गुंडाळलेलं असेल तर पट्टीची गरज नसते. पण तिथे निराळ्या चुका होतात. पॅडवर जाड दुपटं अंथरलं जातं, बाळ पॅडवरून खाली सरकतं, तंतूंची केबल मुडपते, किंवा प्रकाशपेटीच्या पंख्यापुढे पडदा येतो.

तापमानाची सवय बदलावी लागते. जुन्या दिव्यांनी बाळ तापायचं, एलईडी फारसा तापत नाही, म्हणून थंड खोलीत उघडं बाळ गार पडतं. दर दोन-तीन तासांनी काखेतलं तापमान बघा, 36.5 ते 37.5 सेल्सिअसमध्ये हवं. अंगाला तेल किंवा लोशन लावू नका.

दूध हा उपचाराचाच भाग आहे, कारण बिलिरुबिन बाहेर पडतं ते शी-शूतूनच. दिवसातून 8 ते 12 वेळा पाजावं, वरून पाणी देऊ नये. शी पातळ, हिरवट होते. ते जुलाब समजून दूध थांबवलं जातं, तसं करू नका. वजन रोज, त्याच काट्यावर. आकडा फार वर नसेल तर पाजण्यासाठी अर्धा तास दिव्याबाहेर काढायला हरकत नाही. रक्तबदलाच्या मर्यादेजवळ असेल तर ही सूट नाही, आणि इथे ब्लँकेट खरं कामाला येतं: वरून दिवा, खालून ब्लँकेट, आणि पाजतानाही पाठीला प्रकाश चालू. दोन्ही मिळून उघडी त्वचा वाढते, म्हणून ही जोडी एकट्या दिव्यापेक्षा सरस ठरते. मात्र दिवा आहे तोवर पट्टी राहणारच.

उपचार सुरू झाल्यावर रंगावरून अंदाज बांधू नका. प्रकाशात त्वचा आधी फिकी पडते, रक्तातला आकडा तेवढा उतरलेला नसतो. त्वचेवर टेकवून बिलिरुबिन मोजायचं मीटरही याच कारणाने चकवतं. रक्तच तपासावं लागतं. नमुना घेताना दिवा बंद करा आणि नळी लगेच झाका, कारण प्रकाशात नळीतलं बिलिरुबिनही मोडतं आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. बाळाचा रंग राखाडी-तपकिरी होऊ लागला तर डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृताने जोड दिलेलं बिलिरुबिन, याचाही रिपोर्ट मागवा. पित्त अडलेलं असण्याची ती खूण असते. दिवा बंद केल्यावर किमान 12 तासांनी, शक्यतो दुसऱ्या दिवशी, आकडा पुन्हा बघा. पेशी फुटत असतील तर तो परत चढतो, आणि तेव्हा आई-बाळ घरी गेलेले असतात.