चष्म्याचा गंजलेला स्क्रू: चुंबकी स्क्रूड्रायव्हर आणि कागदी टेप, सात महिन्यांनंतर

जूनमध्ये बाबांच्या चष्म्याची डावी काडी अर्धी उघडायची आणि तिथेच अडायची. रत्नागिरीत आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, त्यात बाबा रोज सकाळी घामाघूम होईस्तोवर माडांच्या आळ्यांत खपणार. दुकानात नेला तर काउंटरवरच्या मुलाने भलत्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर लावून खाचेची एक कड खाल्ली आणि सांगितलं, "जाम झालाय काका, फ्रेमच बदला." बाबांनी घरी येऊन सेफ्टी पिन शोधायला घेतली. त्या पिनेच्या धास्तीने मी घड्याळजी वापरतात तसला सहा स्क्रूड्रायव्हरांचा संच आणला. वरच्या टोकाला गरगर फिरणारी टोपी असलेला. एकशे ऐंशी रुपये. तेव्हापासून चार चष्मे हाताखालून गेले, तीन सुटले, एक हरले.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण मीही तो बाळगूनच संच घेतला होता. चुंबकाने गंजलेला स्क्रू सैल होत नाही. चुंबकाचं काम सगळ्यात शेवटी येतं: आटे सुटल्यावर तो तीन-चार मिलिमीटरचा कण वर उचलून घ्यायचा, म्हणजे तो फरशीच्या फटीत जात नाही. सोडवतं ते तेल, वेळ आणि खाचेत गच्च बसलेलं पातं.

बिजागरी नीट बघितली की अर्धं काम कळतं. बाबांच्या फ्रेमला तीन कड्या आहेत, दोन पुढच्या भागाला आणि मधली काडीला. स्क्रू वरून खाली तिन्हींतून जातो, पण आटे असतात ते फक्त सगळ्यात खालच्या कडीत. वरच्या दोन कड्यांची भोकं साधी, गुळगुळीत. मी पहिले दोन दिवस भाबडेपणाने स्क्रूच्या डोक्यावर तेल सोडत बसले. ते डोक्याभोवती जमून राहायचं आणि पुसलं जायचं. मग चष्मा उलटा धरला तेव्हा खालच्या कडीतून स्क्रूचं टोक डोकावताना दिसलं, भोवती तांबूस कडं. तेल तिथे द्यायला हवं होतं. शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकावर घेऊन एक थेंब, चष्मा रात्रभर उलटा, सकाळी परत एक थेंब. मधेमधे काडी जितकी हलते तितकीच मागेपुढे हलवायची, जोर न लावता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोकाशी चहासारखं तपकिरी तेल दिसलं. तेल आट्यांपर्यंत पोचल्याची खूण हीच.

गंज बहुतेक तिथेच धरतो. कड्या साधारणपणे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि स्क्रू पोलादी. दोघांमध्ये खारट घाम शिरला की पोलाद आधी खाल्लं जातं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत असल्याने स्क्रू आट्यांत फुगून बसतो. कड्यांवर हिरवट थर दिसला तर तो गंज नव्हे, तो तांब्याचा कळंक. तो कोमट साबणपाण्याने आणि जुन्या टूथब्रशने बराच जातो. तेलाआधी ही धुलाई करायचीच, नाहीतर तेल मळातच मुरतं.

आता टेप. मी कागदी मास्किंग टेप वापरते, रंगारी खिडकीच्या काचेला लावतात ती. आधी सेलोटेप लावून बघितली होती, तिचा गोंद काचेवर राहिला आणि तो काढताना जीव गेला. काळी इलेक्ट्रिकची टेप त्याहून वाईट. काचेवर बिजागरीच्या बाजूला कागदी टेपचे दोन थर दिले की पातं घसरलं तरी चरा टेपवर पडतो. माझ्या सात महिन्यांच्या हिशेबात पातं तीनदा घसरलं आहे, म्हणजे तीन चरे वाचले. काचेचं कोटिंग आधीच पापुद्र्यासारखं सुटत असेल तर मात्र टेप लावू नका, टेपबरोबर तेही येईल. तेव्हा मऊ कापड गुंडाळून वर रबरबँड लावते. आणि टेप उन्हात किंवा दिवसभर तशीच ठेवायची नाही, काम झालं की लगेच काढायची.

टेपची दुसरी पट्टी चिकट बाजू वर करून टेबलावर, बिजागरीच्या बरोबर खाली. उडालेला स्क्रू तिच्यावर पडतो आणि तिथेच राहतो.

बाबांचा स्क्रू असा सुटला. डोकं साधारण दोन मिलिमीटरचं, कडीच्या खोलगट बैठकीत बसलेलं. मी १.४ चं पातं लावलं, ते खाचेत डुगडुगलं. १.६ चं लावलं तर ते कडेपर्यंत पोचलं आणि हललं नाही. डुगडुगणारं पातं खाचेच्या कडा खातं, दुकानातल्या मुलाने तेच केलं होतं. खाचेतला मळ आधी सुईने उकरला. फळीच्या तुकड्यावर बिजागरी टेकवली, म्हणजे दाब फ्रेमवर न येता लाकडावर जातो. तर्जनी टोपीवर, दाब तिथून. फिरवायला फक्त अंगठा आणि मधलं बोट. दाब भरपूर आणि वळण थोडं, हे हाताला कळायला वेळ लागतो, आपण सवयीने उलट करतो. पहिल्यांदा उलटं नाही, सुलटंच फिरवलं, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने केसभर. बारीक 'कट्' असा आवाज आला, गंजाची पकड मोडली. मग उलटं. चार-साडेचार वळसे झाले आणि स्क्रू सैल होऊन पात्याला चिकटूनच वर आला. चुंबकाचं काम तेवढंच, पण ते बघून बाबा म्हणाले, "जादूच आहे गं." गंजाचा चुरा कडीच्या आट्यांत राहतो, तो दात कोरायच्या काडीने पुसून घेतला.

पात्याला चुंबकत्व द्यायला स्पीकरचा जुना चुंबक वापरला. पातं एकाच दिशेने, मुठीकडून टोकाकडे, वीस-पंचवीस वेळा घासायचं. मागेपुढे घासलं तर दिलेलं परत जातं. दोन महिन्यांत पकड कमी झाली, बहुतेक मी दोनदा जमिनीवर पाडला म्हणून, परत घासलं. पण याची एक खोड ध्यानात ठेवा: असं पातं गंजाची भुकटी ओढून घेतं. ती टोकावर मिशीसारखी उभी राहते, खाचेच्या तळाशी साचते, पातं तेवढंच वर उचललं जातं आणि दाब देताच घसरतं. मला वाटलं पातं झिजलं. भिंगातून बघितलं तेव्हा मिशी दिसली. कापडाने नीट निघत नाही, टेपच्या चिकट बाजूला दोनदा टोचलं की साफ. आता दर दोन-तीन वळशांनी टोचते. आणि ते पातं चावीच्या घड्याळाजवळ न्यायचं नाही. बाबांच्या लग्नातल्या घड्याळाचा पट्टा त्याच पात्याने काढायचा मोह मला झाला होता, पण आतली बारीक स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावतं. त्यासाठी दुसरा, न घासलेला नग बाजूला ठेवला आहे, मुठीला लाल दोरा बांधून.

चुंबक हरतो ते नवा स्क्रू बसवताना. गंजलेला परत वापरू नका, खाच गेलेली असते. जुना नमुना नेऊन त्याच जाडीचा घ्या. बाबांचा १.४ मिलिमीटरचा होता. १.२ चा घातला असता तर भोकात लोंबकळला असता, आणि १.२ च्या भोकात १.४ चा ढकलला तर आटे फाडतो. मी स्टेनलेसचा मागितला, म्हणजे पुन्हा सहजी गंजणार नाही. घरी आल्यावर पात्याला लावला तर चिकटेचना. त्या जातीचं स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. पहिले दोन स्क्रू सोफ्याखाली गेले. तिसऱ्याला टेप कामी आली. टेपचा बोटभर तुकडा घेऊन स्क्रूचं टोक चिकट बाजूने आरपार टोचलं, डोकं गोंदावर टेकलं. मग डोक्याच्या खाचेत पातं बसवून टेपच्या दोन्ही कडा पात्यावर मुडपल्या. स्क्रू पात्याला सरळ धरला गेला. दोन वळसे बसल्यावर टेप फाडून ओढली आणि उरलेला घट्ट केला. इथे एकच सांभाळायचं, मधल्या कडीचं भोक वरखाली जुळलेलं हवं. नाहीतर स्क्रू तिरका चढतो, आणि तिरका चढलेला स्क्रू पहिल्या अर्ध्या वळशातच जड लागतो. तिथेच थांबून मागे घ्यायचा.

शेजारच्या काकूंचा चष्मा प्लॅस्टिक फ्रेमचा, त्यांचा स्क्रू एका रात्रीच्या तेलात सुटला. तिथे नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन हाताशी घेऊ नका, ॲसिटेटची फ्रेम विरघळून चिकट होते आणि पॉलिकार्बोनेटच्या काचा डागाळतात. माझ्या भावाने धातूच्या फ्रेमवर सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन सेकंद टेकवायची कल्पना काढली होती. धातू तापून पकड सुटते हे खरं, पण काच फ्रेममध्ये असताना कोटिंगला जाळीदार भेगा पडतात. काच बाहेर काढल्याशिवाय मी ते करू दिलं नाही.

हरलेला चष्मा मामांचा. स्प्रिंगची काडी, खाच आधीच साफ गुळगुळीत. तीन दिवस तेल दिलं, पातं नुसतं गोल फिरत राहिलं. तिथे हट्ट केला नाही, कारण स्प्रिंगच्या पेटीचा स्क्रू चुकून सुटला की आतली स्प्रिंग परत घालणं घरच्या हाताचं काम नाही. दुसऱ्या एका दुकानात नेला, त्यांनी बारीक ड्रिलने स्क्रू पोखरून काढला, दहा मिनिटांत.

संचाबद्दल तक्रारी दोन. फिरणारी टोपी पहिल्याच पावसाळ्यात करकरायला लागली, तिलाही शिलाईचं तेल लागलं. आणि मामांच्या चष्म्यावर १.६ च्या पात्याचा एक कोपरा तुटला. तो विळी पाजळायच्या दगडावर घासून सरळ केला. पातं वर जाड होत जातं, त्यामुळे घासलं तसं टोकही जाड झालं आणि बाबांच्या स्क्रूच्या खाचेत शिरेना. मग दोन्ही सपाट बाजूही दगडावर घासल्या, पाच-सहा ओढी, मधे खाचेत घालून बघत. आता ते पूर्वीपेक्षाही घट्ट बसतं.