मातीचा गोळा की मातीची पाटी?

इ.स.पू. 3500 च्या सुमारास मेसोपोटेमियातलं उरुक आणि इराणमधलं सुसा या शहरांत हिशेब ठेवायची एक पद्धत होती: मालाचा एकेक नग दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या सोंगट्या मातीच्याच पोकळ गोळ्यात भरायच्या आणि वरून मुद्रा उमटवायची. लबाडीला वाव नव्हता, पण आत किती सोंगट्या आहेत हे बघायचं तर गोळा फोडावा लागे. म्हणून काही गोळ्यांवर, माती ओली असतानाच, सोंगट्यांचे ठसे बाहेरून उमटवलेले दिसतात. ठसे बाहेर वाचता येत असतील, तर आतल्या सोंगट्या हव्यात कशाला?

सपाट पाटीने तेच केलं. पश्चिम इराणमधल्या गोदिन तेपे इथल्या एका पाटीवर तीन गोल ठसे आहेत, तीन पाचरीसारखे आणि शेजारी कोरलेली तेलाच्या बुधल्याची खूण. गोल म्हणजे दहा, पाचर म्हणजे एक; एकूण 33. सोंगट्यांच्या जुन्या रीतीत एकेका बुधल्याला एकेक सोंगटी लागली असती. माझ्या मते खरी झेप हीच: संख्या वस्तूपासून सुटली.

ओल्या मातीत टोकाने रेघ ओढली की कडा उसवतात. म्हणून पुढे बोरूचं टोक दाबून खुणा उमटवू लागले आणि पाटीवरच्या चित्रखुणांच्या पाचरी झाल्या; हीच क्यूनिफॉर्म लिपी. मात्र या लिपीतल्या प्रत्येक चिन्हामागे सोंगटी शोधू नये. बरीच चिन्हं थेट चित्रांतूनच आली.